पिशवी, पाडवा आणि कोयता : यंत्रासाठी मराठी सोपी करताना

आजचं व्याख्यान तसं छोट्याच गोष्टीवर आहे. सात वाक्यांचा एक मजकूर आहे आणि त्याचं आम्ही काय केलं, एवढंच सांगायचंय. आधी बिघडवलं आणि मग थोडंफार दुरुस्त केलं, असा तो क्रम आहे. अंबाजोगाईत उभं राहून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीची माहिती तुम्हाला द्यायची म्हणजे उद्धटपणाच होईल. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरातलं कुणी ना कुणी कारखान्याला जाऊन आलेलं असेल. म्हणून ऊसतोडीची माहिती द्यायला आम्ही आलेलो नाही. ऊसतोडीची मराठी परदेशी वाचकापर्यंत आणि भाषांतराच्या यंत्रापर्यंत नेताना काय गळून पडतं, त्याबद्दल बोलू.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, मग परदेशातही गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तेव्हापासून बाहेरचे लोक या बायकांचं म्हणणं मागतात. संशोधक मागतात, पत्रकार मागतात, मोठ्या परदेशी कंपन्यांना साखर कुठून येते ते तपासणारे लोक मागतात. त्यांना मराठी येत नाही. त्यांच्याकडे रोज मराठी-इंग्रजी करणारा माणूसही नसतो. ते मजकूर यंत्रात टाकतात आणि जे बाहेर येईल ते वाचतात. म्हणून मजकूर पाठवणाऱ्याला आधीच सांगितलं जातं की वाक्प्रचार काढा, म्हणी काढा, स्थानिक शब्द काढा, सरळ लिहा.

सल्ला चुकीचा आहे असं आम्ही म्हणणार नाही. तो कुठून आला हे मात्र माहीत असावं. १९७० च्या दशकात कॅटरपिलर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या दुरुस्ती-पुस्तिकांसाठी आठ-नऊशे शब्दांची एक आवळलेली इंग्रजी तयार केली. पुढे विमान उद्योगानेही तसंच केलं. एका शब्दाला एकच अर्थ, वाक्य आखूड, अलंकार नाही. नटबोल्ट आवळायची सूचना जगात कुठेही सारखीच कळावी, हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण त्या पुस्तिकेत बोलणारं माणूस कुणी नव्हतं. आमच्या सात वाक्यांत होतं.

ती वाक्यं धारूर तालुक्यातल्या एका ताईंची आहेत. नाव-गाव सांगणार नाही. त्यांच्या परवानगीने लिहून घेतलेला मजकूर असा :

«पाडव्याला घर सोडलं. मुकादमाची पन्नास हजार उचल अंगावर होती. धाकटीच्या वेळी दिवस गेले होते तरी मोळ्या वाहिल्या. मग अंगावरून जायला लागलं. डॉक्टरनं पिशवी काढायला लावली. पंधरा दिवस कोयता बंद, खाडा पडला. पाडव्याला परत आलो, पण उचल काही फिटली नाही.»

तुम्हाला हे वाचताना एकदाही थांबावं लागलं नसेल. हाच मजकूर आम्ही जसाच्या तसा एका प्रचलित भाषांतर-यंत्रात टाकला. बाहेर आलेल्या इंग्रजीचं पुन्हा मराठी करून सांगतो. शरीरावर पन्नास हजारांचं काहीतरी उचललेलं होतं, धाकट्या मुलीच्या काळात दिवस निघून गेले होते, काहीतरी शरीरावरून जाऊ लागलं, डॉक्टरने थैली काढायला सांगितली आणि पंधरा दिवस विळा बंद होता. हसू येतं, मान्य आहे. पण यंत्राचं काही चुकलं नाही. त्याने शब्दकोशातला पहिला अर्थ प्रामाणिकपणे दिला. आणि पुढची अडचण अशी की मराठीतून जर्मन किंवा जपानी करायचं तर बरीच यंत्रं मध्ये इंग्रजीच करतात. इंग्रजीत एकदा थैली झाली की पुढे कुठल्याच भाषेत तिचं गर्भाशय होत नाही.

मग आम्ही सल्ल्याप्रमाणे मजकूर साफ केला. तोही ऐका :

«दिवाळीच्या सणानंतर आम्ही कामासाठी स्थलांतर केले. आम्ही कंत्राटदाराकडून पन्नास हजार रुपयांचे कर्ज घेतले होते. गरोदर असतानाही मी जड ओझी वाहिली. नंतर मला रक्तस्राव होऊ लागला. माझी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. आम्ही पंधरा दिवस काम करू शकलो नाही आणि आमचे उत्पन्न बुडाले. वसंत ऋतूत आम्ही परत आलो, पण कर्ज फेडता आले नाही.»

यंत्राने याचं सुरेख भाषांतर केलं. कुठे अडखळ नाही, विळा नाही, थैली नाही. आम्ही खूश होतो. आठवड्याने तो साफ मजकूर त्या ताईंना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, «हे चांगलंय, पण हे कुणाचंय?»

तेव्हा आम्ही तो पुन्हा वाचायला बसलो, आणि एकेक वाक्य हातातून निसटत गेलं. आता त्याबद्दल सविस्तर बोलू, कारण चुका सगळ्या एका जातीच्या नव्हत्या.

सगळ्यात निरुपद्रवी चूक पाडव्याची. मराठीत पाडवे दोन. दिवाळीतला एक, चैत्रातला एक. ऊसतोडीला जाणारी माणसं साधारण पहिल्या पाडव्याच्या आगेमागे जातात आणि दुसऱ्याच्या आगेमागे येतात. त्यामुळे ताईंच्या मजकुरात एकच शब्द दोन टोकांना बसलाय आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. यंत्राला दोन्ही पाडवे एकच. परदेशी माणसाला वाटेल की ही मंडळी एका दिवशी गेली आणि त्याच दिवशी परत आली. म्हणजे इथे शब्द बदलायलाच हवा होता, पण आम्ही आळस केला. «दिवाळीच्या सणानंतर» लिहिलं आणि दुसरीकडे तर «वसंत ऋतू» लिहिला. चैत्रातलं धारूर ज्याने पाहिलंय त्याने या शब्दावर हसावं. परदेशी वाचकाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दाने हिरवळ आणि फुलं उभी राहतात. साधा उपाय तारीख. त्या हंगामातला दिवाळी पाडवा १४ नोव्हेंबर २०२३ चा आणि गुढीपाडवा ९ एप्रिल २०२४ चा. तारखा लिहिल्या की जवळजवळ पाच महिने घर बंद होतं हेही आपोआप कळतं. मूळ मजकुरात ते सांगावं लागत नव्हतं, साफ मजकुरात ते हरवलं होतं. «परवा» या शब्दाचंही असंच आहे, तो मागेही जातो आणि पुढेही. असे शब्द काढताना हळहळायचं कारण नाही. तारीख घाला आणि पुढे जा.

«दिवस गेले» चं «गरोदर» केलं, तेही ठीकच. हा खरा वाक्प्रचार. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यात बीडचं असं खास काही नाही, आणि अर्थ पूर्ण उतरतो. तिथे आमची चूक वेगळीच निघाली. «धाकटीच्या वेळी» हे शब्द आम्ही गाळले. धाकटीचं गरोदरपण आधीच्या एका हंगामातलं होतं. ताईंनी बोलता बोलता मागे जाऊन परत येण्यासाठी तेवढे दोन शब्द वापरले होते. ते गेल्यावर गरोदरपण, रक्तस्राव आणि शस्त्रक्रिया हे सगळं एकाच हंगामातलं झालं. वाचणारा असा निष्कर्ष काढेल की ओझ्यामुळे गर्भपात झाला आणि त्यातून शस्त्रक्रिया. हे ताईंनी कुठेही म्हटलेलं नाही.

आता «अंगावरून जायला लागलं» हे पाहा. आम्ही «रक्तस्राव» लिहिलं, कारण आम्हाला तसं वाटलं. मराठीत अंगावरून लालही जातं आणि पांढरंही. बोलणारी बाई रंग सांगत नाही, ऐकणारी बाई विचारून घेते. सोप्या भाषेला मात्र ती मुभा नाही, तिला एक काहीतरी निवडावंच लागतं. आम्ही न विचारता निवडलं. परत जाऊन विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, «पांढरं.» मंडळी, सगळ्या मजकुराचं वजन या एका शब्दावर आहे. रक्तस्राव थांबत नाही म्हणून गर्भाशय काढलं हे वाचून कुठलाही परदेशी डॉक्टर मान हलवून पुढे जाईल. पांढरा स्राव होता म्हणून काढलं हे वाचून तो थांबेल, कारण अशा तक्रारीवर पहिला उपाय तपासणी आणि औषध हा आहे. बीडच्या शस्त्रक्रियांवर जी टीका झाली तिचा मोठा भाग नेमका हाच आहे. म्हणजे मजकूर सोपा करताना आम्ही शस्त्रक्रियेला कारण पुरवलं, तेही आमच्या खिशातून.

यातून एक काम निघतं आणि ते कुठल्याही सोप्या-भाषेच्या नियमावलीत आम्ही पाहिलेलं नाही. वाक्प्रचार सोडवताना त्याच्या पोटात मूळ शब्दांपेक्षा जास्त माहिती घालावी लागणार असेल, तर ती माहिती ज्याची आहे त्याला विचारायची. लिहिणाऱ्याने ती बसल्या जागी तयार करायची नाही. विचारणं शक्य नसेल तर «स्राव» एवढंच लिहावं आणि रंग सांगितलेला नाही असं स्पष्ट म्हणावं.

डॉक्टरचं वाक्यही असंच. ताई म्हणाल्या, «काढायला लावली.» आम्ही लिहिलं, «शस्त्रक्रिया झाली.» झाली म्हणजे पाऊस झाला तशी झाली. मराठीत «काढली», «काढून घेतली», «काढायला लावली» या तिन्हींत कर्ता वेगळा उभा राहतो. «लावली» मध्ये दोन माणसं आहेत, एक लावणारा आणि एक कबूल होणारी. सरकारी मराठीची आम्हा सगळ्यांना इतकी सवय आहे की सोपं लिहायला सांगितलं की आम्ही औपचारिक लिहितो, आणि औपचारिक मराठीत करणारा माणूस पहिला नाहीसा होतो. वर यंत्राला कर्ता नसलेलं वाक्य इंग्रजीत न्यायला सोपंच जातं. त्यामुळे भाषांतर चांगलं झालं ही इथे वाईट खूण होती.

आता कोयता. यावर जरा थांबू, कारण आमच्या मते सगळा वाद इथे आहे.

कोयता काढावा का? तो वाक्प्रचारासारखा दिसतो. हत्याराचं नाव माणसांना लावलंय, म्हणजे अलंकारच झाला. नियमाप्रमाणे काढायला हवा, आणि आम्ही काढला. «कोयता बंद» चं «आम्ही काम करू शकलो नाही» केलं. पण तुम्हाला ठाऊक आहे, मुकादमाच्या वहीत कोयता हा अलंकार नसतो, ती मोजणी असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. बाईचं नाव त्या वहीत वेगळं नसतंच. म्हणून बाई आजारी पडली की फक्त तिचा रोज बुडत नाही, कोयता बंद पडतो, आणि बंद दिवसाचा खाडा दोघांच्या हिशेबात लागतो. पूर्ण उचल हवी तर पूर्ण कोयता हवा, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात, हेही याच मोजणीचं पुढचं पान. «आम्ही काम करू शकलो नाही» या वाक्यात यातलं काय राहिलं? दोन माणसं आणि त्यांची अडचण. परदेशी वाचकाला वाटणार की बायको आजारी म्हणून नवरा सेवेला थांबला.

उचलीचंही तेच. आम्ही «कर्ज» म्हटलं. कर्ज पैशाने फिटतं. उचल ऊस तोडून फिटते. ती हंगामाआधी हातात पडलेली मजुरी आहे. हंगाम संपला आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाचं बोलावणं होते, म्हणूनच ताई «अंगावर» म्हणतात. कर्ज असतं तर माणूस दुसरीकडे कमवून फेडू शकला असता. आणि खाडा. «उत्पन्न बुडाले» म्हणजे मिळायचं होतं ते मिळालं नाही. खाडा म्हणजे वर दंड. या ताईंच्या टोळीत दिवसाला पाचशे रुपये होता. पंधरा दिवसांचे साडेसात हजार झाले. पन्नास हजारांच्या उचलीत ते मिळवले की शेवटच्या वाक्यात उचल का फिटली नाही याचं निम्मं उत्तर मिळतं. साफ मजकुरात हे उत्तर कुठेच नव्हतं. तिथे एक गरीब कुटुंब होतं आणि त्याचं कर्ज फिटलं नव्हतं. असली कुटुंबं जगात सगळीकडे असतात, त्यासाठी बीडला यायची गरज नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं : कोयता, उचल, खाडा, मुकादम हे वाक्प्रचार नव्हेत. एका धंद्याच्या त्या संज्ञा आहेत. विमानाच्या पुस्तिकेतून सुट्या भागाचं नाव कुणी «सोपं» म्हणून काढत नाही. एक शब्द, एक अर्थ हा जो मूळ नियम, तो पाळायचा तर कोयता ठेवलाच पाहिजे, कारण त्याला दुसरा शब्द नाही.

मग काढायचं काय? याचं उत्तर शोधताना आमची जरा फजिती झाली. या सात वाक्यांच्या पुढे-मागे आम्ही स्वतः लिहिलेली प्रस्तावना होती. तिच्यात विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर होतं. साखरेची कडू कहाणी होती. हातावर पोट होतं. पाचवीला पुजलेलं दारिद्र्य होतं. ताईंच्या बोलण्यात यातलं एकही नव्हतं. त्यांनी हिशेब सांगितला होता, नक्षी सगळी आमची होती. ऊसतोडीवर मराठीत जे लिहिलं जातं ते काढून बघा, विंचू हमखास भेटेल. परदेशी वाचकासाठी तो काढला तर कुणाचं काही बिघडत नाही. खरं म्हणजे मराठी वाचकासाठीही काढावा असं आमचं मत झालंय, पण तो वेगळा विषय.

मराठी पुस्तकांच्या नावांत हा प्रश्न फार आधी येऊन गेलाय. लक्ष्मण गायकवाडांचं «उचल्या» इंग्रजीत गेलं ते «द ब्रँडेड» या नावाने, म्हणजे डागलेला. दया पवारांचं «बलुतं» जेरी पिंटोंनी २०१५ साली इंग्रजीत आणलं ते «बलुतं» च ठेवून. पहिल्या नावात समाजाने माणसाचं काय केलं ते कळतं, पण कशावरून केलं ते पुस्तक उघडल्यावरच समजतं. दुसऱ्या नावात परदेशी वाचकाला काहीच कळत नाही. त्याला तो शब्द शिकावा लागतो, आणि पुस्तक संपेपर्यंत तो शिकतो. आमचा कल दुसरीकडे आहे. मात्र एक फरक विसरून चालत नाही. वाचक शिकतो, यंत्र शिकत नाही. पहिल्या वाक्यात «नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात» असं तुम्ही लिहिलंत तरी पाचव्या वाक्यात यंत्र पुन्हा विळा देऊ शकतं. बरीच यंत्रं वाक्यागणिक विचार करतात, मागचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

त्यासाठी थोडी कारागिरी लागते. मजकूर वेबपानावर ठेवायचा असेल तर जो शब्द जसाच्या तसा राहायला हवा त्याच्याभोवती ही खूण घालता येते :

```html
<span translate="no">Koyta</span>
```

ही खूण मानणारी यंत्रं आतल्या शब्दाला हात लावत नाहीत. शब्द रोमन अक्षरांत लिहिला, कारण परदेशी वाचकाला देवनागरी वाचता येणार नाही. खूण घालायची सोय नसेल तरी मराठी वाक्यात रोमन अक्षरांतला शब्द बहुतेक वेळा तसाच पलीकडे जातो. पण लगेच मराठीची एक अडचण उभी राहते. आपले शब्द प्रत्यय लागला की आतून बदलतात. कोयता, पण कोयत्याला, कोयत्याचा. खाडा, पण खाड्याचे. खुणेच्या आत मूळ शब्द ठेवून बाहेर «ला» चिकटवला तर तो तुकडा यंत्राला कळत नाही, आणि कोयत्या हे रूप आत ठेवलं तर परदेशी वाचकाला एकाच गोष्टीची दोन नावं दिसतात. आम्ही यावर घरगुती तोडगा काढला : संज्ञेला प्रत्यय लावायचाच नाही. शेजारी एक साधा शब्द बसवायचा आणि प्रत्यय त्याला लावायचा. «कोयत्याला दंड» ऐवजी «कोयता या जोडीला दंड». «उचलीची फेड» ऐवजी «उचल या रकमेची फेड». मराठी कानाला हे जड वाटतं, पण यंत्र अडत नाही आणि वाचकाला दर वेळी अर्थाची आठवणही होते. आणि जिथे खरोखर हत्यार म्हणायचंय तिथे कोयता लिहायचं नाही, «ऊस तोडायचं हत्यार» लिहायचं.

अजून एक छोटी गोष्ट, पण ती फार फसवते. आपण ताईंबद्दल आदराने «त्यांनी सांगितलं», «त्या म्हणाल्या» लिहितो. यंत्र त्याचं अनेकवचन करतं आणि एका बाईच्या तक्रारीची दहा जणींची तक्रार होते. तिच्या तोंडचं कथन असेल तर «मी» ठेवावा, आपण सांगत असू तर «ही कामगार स्त्री» असं नाम पुन्हा पुन्हा लिहावं. कर्ता गाळायची मराठीची सवय इथे सोडावी लागते.

हे सगळं करून जो मजकूर झाला तो असा :

«१४ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीत, मी आणि माझा नवरा ऊस तोडण्यासाठी गाव सोडून गेलो. मुकादम हा माणूस मजुरांची टोळी जमवतो आणि ती टोळी साखर कारखान्याच्या भागात नेतो. मुकादमाने आम्हाला आगाऊ मजुरी म्हणून पन्नास हजार रुपये दिले होते. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. ही रक्कम आम्ही ऊस तोडून फेडतो. या कामात नवरा आणि बायको मिळून एकच मजूर मोजला जातो. या जोडीला कोयता म्हणतात. आधीच्या एका हंगामात मी गरोदर होते. त्या हंगामात मी डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहिल्या. या हंगामात माझ्या योनीतून पांढरा स्राव जाऊ लागला. डॉक्टरने मला सांगितले की गर्भाशय काढावे लागेल. डॉक्टरने गर्भाशयासाठी पिशवी हा शब्द वापरला. डॉक्टरने शस्त्रक्रिया केली. मी पंधरा दिवस काम केले नाही. मी काम करत नसल्यामुळे माझ्या नवऱ्याचेही काम बंद राहिले. मुकादमाने प्रत्येक दिवसासाठी पाचशे रुपये दंड लावला. या दंडाला खाडा म्हणतात. ९ एप्रिल २०२४ रोजी आम्ही गावी परत आलो. तेव्हा उचल ही रक्कम पूर्ण फिटलेली नव्हती.»

सात वाक्यांची एकोणीस झाली. सोपं म्हणजे लहान, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा आकडा. आणि यात नुकसान झालेलं नाही असं आम्ही म्हणत नाही. ताईंची चाल गेली. «पाडव्याला सोडलं, पाडव्याला आलो» यातला जो फेरा होता तो तारखांनी तोडला. «अंगावर» दोनदा येत होतं, एकदा उचल अंगावर, एकदा अंगावरून जाणं. एकाच अंगावर दोन्ही. तो ठेवायला आम्हाला जागा सापडली नाही. मराठीत वाचणाऱ्यासाठी मूळ मजकूर मूळच राहिला पाहिजे. ही एकोणीस वाक्यं प्रवासासाठी केलेली नक्कल आहे, आणि ती मूळ म्हणून छापायची नाही एवढी अट आम्ही पाठवताना घालतो.

भाषांतर बरोबर झालं की नाही हे तपासायची आमची पद्धतही सांगून टाकतो. इंग्रजी झालेला मजकूर दुसऱ्या यंत्राने परत मराठीत आणायचा. त्याच यंत्राने आणला तर ते स्वतःची चूक स्वतःच झाकू शकतं. मग भाषा चांगली आहे का हे पाहायचं नाही. चार प्रश्न विचारायचे : पैसे कुणी कुणाला दिले, कशाने फिटतात, दंड कुणी लावला, शस्त्रक्रिया कुणी ठरवली. पहिल्या साफ मजकुराला हे प्रश्न विचारले तर पहिल्याचं उत्तर मिळत होतं, पुढच्या तिन्हींचं मिळत नव्हतं. दुसऱ्यात चारही मिळतात.

मघाशी एका भगिनींनी चिठ्ठी पाठवली. त्या विचारतात, «गर्भाशय लिहिलं, मग त्या पिशवीचं वाक्य कशाला ठेवलं? यंत्र परत थैली करील.» प्रश्न बरोबर आहे, आणि ते वाक्य ठेवावं की नाही यावर आमच्यातच दोन तट होते. पिशवी हा शब्द इथल्या सगळ्या बायका वापरतात, डॉक्टरही वापरतात, त्यात लबाडी आहे असं नाही. पण पिशवी म्हटली की ती रिकामी होते, खराब होते, टाकून देता येते. मुलं झाल्यावर तिचं काम संपलं असं वाटू शकतं. ताईंनी होकार दिला तो या शब्दाला दिला. गर्भाशय हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी आम्हालाच विचारलं, «म्हणजे पिशवीच ना?» उद्या कुणी परदेशी वकील किंवा डॉक्टर हा मजकूर वाचून या बाईला सगळं समजावून सांगितलं होतं का असं विचारणार असेल, तर तिच्याशी कुठल्या शब्दात बोललं गेलं हे त्याला ठाऊक असायला हवं. म्हणून वाक्य ठेवलं. पिशवीला खुणेत घातलं, रोमन अक्षरांत, म्हणजे तिची थैली होणार नाही. चिठ्ठीच्या मागे भगिनींनी अजून एक लिहिलंय, वाचतो : «माझ्या सासूबाईंच्या कागदावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलंय, ते अजून कुणी वाचून सांगितलेलं नाही.» व्याख्यान झाल्यावर थांबा ताई, कागद असेल तर आपण बसून वाचू.